पक्कं पाहिजे तं पाच टक्के

भाचीच्या लग्नासाठी तांदूळ घ्यायला गोंदियाच्या बाजारात गेलो होतो. तीस किलोचे आठ कट्टे, पन्नास रुपये किलो, म्हणजे एका कट्ट्याचे दीड हजार आणि सगळ्यांचे मिळून बारा हजार. हमालाने कट्टे ऑटोत टाकले, मी पैसे मोजले. दुकानदाराने बिडीच्या बंडलाएवढ्या वहीतलं एक पान फाडलं, त्यावर '१२००० जमा' असं लिहिलं, खाली कोंबडीच्या पायासारखी सही केली आणि कागद माझ्या हातात ठेवला.

"भाऊ, पक्कं बिल द्या," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी उधारी मागितली. "पक्कं पाहिजे तं पाच टक्के लागन. बाराशे... नाही, सहाशे जास्त."

बारा हजारांचे पाच टक्के सहाशे होतात हे त्याने दुसऱ्या प्रयत्नात बरोबर सांगितलं, एवढंच त्या वाक्यात बरोबर होतं. बाकी सगळं चूक. आणि ही चूक जिल्ह्यात आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत रोज शेकडो वेळा ऐकू येते, इतक्या आत्मविश्वासाने की गिऱ्हाईकही मान डोलावतं आणि म्हणतं, जाऊ द्या, कच्चंच द्या.

आता गंमत बघा. ज्या जिल्ह्याला महाराष्ट्राचं तांदळाचं कोठार म्हणतात, जिथे लहान पोरालाही धान, तांदूळ, कनकी, कोंडा आणि भुसा यांतला फरक डोळे मिटून सांगता येतो, तिथे त्याच तांदळाबरोबर मिळणाऱ्या तीन कागदांतला फरक मोठ्यांनाही सांगता येत नाही. साधी पावती, बिल ऑफ सप्लाय आणि टॅक्स इन्व्हॉइस. तिन्ही कागदच, तिन्हींवर रक्कम, तिन्हींवर सही. पण तिघांना विचारलेला प्रश्न वेगळा असतो. पावतीला विचारायचं, पैसे पोचले का? बिल ऑफ सप्लायला विचारायचं, माल कोणी कोणाला दिला आणि त्यावर कर का नाही? टॅक्स इन्व्हॉइसला विचारायचं, कर किती लागला आणि तो कोणाला वजा करून घेता येईल?

मला मिळालेल्या '१२००० जमा'च्या कागदाने पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, तेही अर्धवट. कशाचे बारा हजार, हे त्यावर नव्हतं. उद्या कट्ट्यात भिजका तांदूळ निघाला असता तर मी तो कागद घेऊन कुठे गेलो असतो? शिवाय पाच हजारांवरच्या पावतीवर एक रुपयाचं रसीदी तिकीट लावायचं असतं. आपल्याकडे ते तिकीट फक्त पगारपत्रकावर आणि सावकाराच्या चिठ्ठीवर राहिलं आहे.

दुकानदाराच्या पाठीमागे भिंतीवर जीएसटी नोंदणीचं प्रमाणपत्र चौकटीत लावलेलं होतं. त्यामुळे त्याला साध्या पावतीवर भागवताच येत नव्हतं. नोंदणी झालेल्या माणसाने करमुक्त माल विकला तर त्याने बिल ऑफ सप्लाय द्यायचं, असं जीएसटी कायद्याच्या कलम ३१ मध्ये लिहिलं आहे. दोनशे रुपयांच्या आतला माल असेल, घेणारा नोंदणी नसलेला असेल आणि त्याने बिल मागितलं नसेल, तर दिवसाच्या शेवटी सगळ्यांचं मिळून एक बिल केलं तरी चालतं. बारा हजार ही रक्कम दोनशेच्या आत बसवायची तर मला आठ कट्ट्यांचा तांदूळ साठ-सत्तर खेपांत न्यावा लागला असता.

पण मुख्य प्रश्न राहिलाच. त्या तांदळावर पाच टक्के लागतात की नाही?

याचं उत्तर तांदळात नाही, कट्ट्यात आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तांदळाचं दुखणं ब्रँडचं होतं. बंद पिशवीत आणि नोंदणीकृत ब्रँडचा असेल तर पाच टक्के, नाहीतर शून्य. मग व्यापाऱ्यांना अचानक आपल्या ब्रँडचा कंटाळा आला आणि नोंदण्या रद्द करायची रांग लागली. सप्टेंबर २०१७ मध्ये हैदराबादच्या बैठकीत जीएसटी परिषदेने सांगितलं की १५ मे २०१७ ला ज्याचा ब्रँड नोंदलेला होता तो नोंदलेलाच धरला जाईल, मग तुम्ही नंतर त्याचं काहीही करा. म्हणजे घटस्फोट झाला तरी पोटगी चालू.

हा खेळ १८ जुलै २०२२ ला बदलला. ब्रँड गेला आणि त्याच्या जागी 'आधीच पॅक केलेला आणि लेबल असलेला' ही ओळख आली. वजनमापाच्या कायद्यातून उचललेली ही व्याख्या मला फार आवडते. आधीच पॅक केलेला माल म्हणजे काय? तर गिऱ्हाईक समोर हजर नसताना, ठरावीक वजन भरून पिशवीत घातलेला माल, पिशवीला सील असो वा नसो. कर ठरवण्यासाठी तांदूळ कोलम आहे की बासमती हे कोणी विचारत नाही. पिशवी भरताना तुम्ही कुठे होता ते विचारतात! दुकानदाराने तुमच्यासमोर पोत्यात माप घालून पाच किलो तोललं तर शून्य. तेच पाच किलो त्याने सकाळी, तुम्ही चहा पीत असताना भरून, वजन ठरवून ठेवलं असेल तर पाच टक्के. आणि लेबल चिकटवलंच नाही, मग कर कसा, असं म्हणायची सोय नाही. ज्या पिशवीवर कायद्याने लेबल हवं, तिच्यावर ते नसलं तरी कर लागतो. वर वजनमाप खात्याचा वेगळा प्रसाद मिळतो.

या व्याख्येला एक वरची मर्यादाही आहे. वजनमापाच्या नियमांत पंचवीस किलोपेक्षा जास्त वजनाची पिशवी लेबलच्या सक्तीतून सुटते, म्हणून ती जीएसटीतूनही सुटते. बरोबर पंचवीस किलो असेल तर कर आहे, पंचवीसच्या वर गेलात तर नाही. हे जाहीर झाल्यावर देशात ठिकठिकाणी सव्वीस किलोच्या पिशव्या निघाल्या. तांदळाच्या इतिहासात एका किलोला इतकी किंमत आधी कधी आली नसेल. दहा-दहा किलोच्या तीन पिशव्या एका मोठ्या पोत्यात घालून 'हे तीस किलो' म्हणणाऱ्यांचा विचारही सरकारने आधीच केला आहे. आतली पिशवी दहाचीच, म्हणून कर आहे.

माझे कट्टे तीस किलोचे. म्हणून कर शून्य. म्हणून पक्कं बिल घेतलं तरी बारा हजार आणि न घेतलं तरी बारा हजार. दुकानदाराने मागितलेले सहाशे रुपये कुठल्याच कायद्यात बसत नव्हते. बरं, त्याने ते घेतले असते आणि खरंच बिलावर 'जीएसटी' म्हणून लिहिले असते, तर कलम ७६ नुसार ते त्याला सरकारात भरावे लागले असते, माल करमुक्त असला तरी. करमुक्त मालावर कर घेतला, पण तो खिशात ठेवता येत नाही. एवढं झाल्यावर त्याला त्या सहाशेंत काय गोडी राहिली असती?

मग तो असं का म्हणतो? मी जिल्ह्यातल्या एका राईस मिलमध्ये बरीच वर्षं हिशोब लिहिलेल्या मुनीमजींना विचारलं. ते हसले. म्हणाले, "त्याच्या लेखी पक्कं म्हणजे कर आणि कच्चं म्हणजे सूट. तिसरं काही असतं हे त्याच्या खात्यातच नाही." मला हे पटलं. आपल्या बाजारात बिलाचे दोनच प्रकार आहेत, कच्चं आणि पक्कं. जसे रस्त्याचे आणि आंब्याचे. बिल ऑफ सप्लाय हे पक्कंच बिल आहे, फक्त त्यात कराचा रकाना नाही. ही गोष्ट कच्चं-पक्कंच्या शब्दकोशात बसत नाही, म्हणून ते बिचारं ड्रॉवरमध्ये पडून राहतं.

पक्कं बिल हवं असणाऱ्याने ते ओळखावं कसं? बिल ऑफ सप्लायवर विकणाऱ्याचं नाव, पत्ता आणि पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. वर्षात पुन्हा न येणारा, सोळा अक्षरांच्या आतला अनुक्रमांक, तारीख, मालाचं वर्णन, सूट वजा जाता किंमत, सही. घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याचा क्रमांकही. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. आपले २७, नदीपलीकडच्या बालाघाटवाल्यांचे २३ आणि राजनांदगावकडच्यांचे २२. गोंदियाच्या दुकानातून २३ने सुरू होणारं बिल आलं तर माल कोण विकतोय हे नीट विचारा. क्रमांक खरा आहे का हे जीएसटीच्या संकेतस्थळावर Search Taxpayer मध्ये फुकट बघता येतं.

मुनीमजींनी एक बारीक गोष्ट दाखवली. नियम ४९ मध्ये बिल ऑफ सप्लायवर काय काय हवं त्याची यादी आहे, आणि तिच्यात मालाचं वजन किंवा नग हे शब्दच नाहीत! टॅक्स इन्व्हॉइसच्या नियम ४६ मध्ये ते आहेत. कर लागतो तिथे सरकारला किलो हवेत, कर नाही तिथे सरकारला फक्त रुपये पुरेत. पण तुम्हाला किलो हवेत, म्हणून वजन लिहून घ्या. आठ कट्टे गुणिले तीस. नाहीतर नंतर सात कट्टेच आले हे सिद्ध करताना घाम फुटेल.

आता बिल ऑफ सप्लाय हे नाव दोन अगदी वेगळ्या माणसांना दिलेलं आहे, आणि इथेच भलेभले घसरतात. कंपोझिशन योजनेतला छोटा दुकानदार आपल्या उलाढालीवर ठोक एक टक्का स्वतःच्या खिशातून भरतो आणि गिऱ्हाइकाकडून कर घेऊ शकत नाही. तो साबण विको की बिस्किटं, बिल ऑफ सप्लायच देतो. त्याच्या बिलाच्या डोक्यावर तो कंपोझिशनमधला करदाता आहे आणि कर आकारायला पात्र नाही, असं वाक्य छापलेलं असायला हवं. म्हणजे एका बिलात माल करमुक्त आहे म्हणून कराचा रकाना नाही, आणि दुसऱ्यात दुकानदार कर घेऊ शकत नाही म्हणून नाही. झाडीपट्टीच्या नाटकात एकच नट पहिल्या अंकात पाटील आणि तिसऱ्यात इन्स्पेक्टर होतो, तसं. डोक्यावरची टोपी बघायची.

आणि नोंदणीच नसलेला? जो फक्त करमुक्त माल विकतो, दुसरं करपात्र काहीच नाही, त्याला उलाढाल कितीही असली तरी कलम २३ नुसार नोंदणी लागत नाही. आपल्या शेतात पिकवलेलं धान विकणाऱ्या शेतकऱ्यालाही नाही. ते साधी पावती किंवा कॅश मेमो देतील आणि ते बरोबरच आहे. त्यांनी बिलावर जीएसटी लिहिला तर मात्र ती चोरीच, कारण नोंदणी नसलेल्याला कर गोळा करण्याचा अधिकारच नाही.

लग्नघराच्या खरेदीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मिश्र मालात. समजा मी त्याच दुकानातून तीन गोष्टी घेतल्या. समोर तोलून पाच किलो सुटा तांदूळ, पन्नासने अडीचशे रुपये. तीस किलोचा एक कट्टा, दीड हजार. आणि दहा किलोची सील केलेली पिशवी, छापील किंमत सहाशे तीस. पहिल्या दोन करमुक्त, तिसरीत सहाशे रुपये माल आणि तीस रुपये कर, त्यातले पंधरा केंद्राचे आणि पंधरा राज्याचे. दोन बिलं करायची का? मी नोंदणीकृत नसेन तर नाही. नियम ४६अ ने ऑक्टोबर २०१७ पासून अशा गिऱ्हाइकासाठी एकच जोडबिल करायची मुभा दिली आहे, 'इन्व्हॉइस कम बिल ऑफ सप्लाय'. वरच्या दोन ओळींत कर शून्य, तिसरीत तीस, एकूण दोन हजार तीनशे ऐंशी. हाच माल नोंदणी असलेल्या हॉटेलवाल्याने घेतला असता तर मात्र ही मुभा नाही. त्याला करमुक्त मालाचं बिल ऑफ सप्लाय वेगळं आणि सहाशे तीसचं टॅक्स इन्व्हॉइस वेगळं द्यायचं.

आणि दुकानदाराने त्या दहा किलोच्या पिशवीचं तोंड उघडून त्यातला तांदूळ सुटा विकायला काढला तर? सुट्या विक्रीवर कर नाही. पण ती पिशवी घेताना त्याने भरलेले पाच टक्के त्याला वजा मिळत नाहीत, ते तांदळाच्या भावात जाऊन बसतात. करमुक्त मालाची ही दुखरी बाजू आहे. बिल ऑफ सप्लायवर कर दिसत नाही, याचा अर्थ किमतीत कर नाही असा होत नाही.

राईस मिलवाल्याला हे फार चांगलं माहीत आहे. धानापासून तांदूळ निघतो, कनकी निघते, भुसा निघतो, आणि कोंडा निघतो, जो तेल काढणाऱ्या कारखान्याला जातो. पोत्यांतला तांदूळ करमुक्त, पण जानेवारी २०१८ पासून कोंड्यावर पाच टक्के लागतात. एकाच मिलच्या एकाच दरवाज्यातून सकाळी नागपूरच्या व्यापाऱ्याचा ट्रक बिल ऑफ सप्लाय घेऊन निघतो आणि दुपारी कोंड्याचा ट्रक टॅक्स इन्व्हॉइस घेऊन. कोंडा विकला नाही तर कदाचित नोंदणीच लागली नसती. म्हणजे सगळ्या मिलला जीएसटीत ओढून नेतो तो कोंडा. तांदळाचा मान, कोंड्याचा हिशोब!

समजा एका महिन्यात मिलने नऊ लाखांचा तांदूळ आणि एक लाखाचा कोंडा विकला. कोंड्यावर पाच हजार कर. त्याच महिन्यात मशीनच्या दुरुस्तीवर आणि अशाच सामाईक खर्चावर मिलने दहा हजार जीएसटी भरला. तो सगळा वजा मिळेल का? नाही. विक्रीचे दहात नऊ भाग करमुक्त, म्हणून दहा हजारांतले नऊ हजार सोडून द्यायचे आणि एक हजारच वजा घ्यायचे. ते नऊ हजार मिलवाला कुठून काढणार? तुमच्या-आमच्या तांदळातून. मी विचारलं, मग तांदळावर टॅक्स इन्व्हॉइस दाखवून टाकलं तर? मुनीमजी म्हणाले, "मंग रिटर्नमध्ये तो तांदूळ करपात्र म्हणून चढन, आणि साहेबाची नोटीस यायले उशीर लागत नाही." चुकीचं किंवा खोटं बिल देण्याचा दंड दहा हजार रुपये किंवा बुडवलेला कर, यातला जो जास्त तो. केंद्राचा वेगळा, राज्याचा वेगळा.

ट्रकचं विसरायला नको. सुट्या तांदळाला ई-वे बिल लागत नाही, म्हणून अनेक ड्रायव्हर कागदाशिवाय निघतात. पण नियम ५५अ म्हणतो, ई-वे बिल लागत नसेल तेव्हा गाडीत टॅक्स इन्व्हॉइस किंवा बिल ऑफ सप्लाय असलंच पाहिजे. त्या यादीत 'वहीतलं पान' नाही. रात्री रस्त्यात गाडी थांबली आणि हातात '१२००० जमा' असेल, तर सकाळपर्यंत तिथेच थांबायची तयारी ठेवा.

एवढं सगळं ऐकून मी पुन्हा दुकानात गेलो. कट्ट्यावरचं 'निव्वळ वजन ३० किलो' दाखवलं आणि म्हटलं, "पंचवीसच्या वर आहे, याच्यावर कर नाही. बिल ऑफ सप्लाय द्या." दुकानदार दोन मिनिटं गप्प. मग त्याने आतल्या पोराला हाक मारली, पोराने ड्रॉवर उघडला, आणि तळातून एक नवंकोरं पुस्तक निघालं. वर इंग्रजीत 'बिल ऑफ सप्लाय' छापलेलं. एकही पान फाटलेलं नाही. जुलै २०२२ मध्ये त्याच्या करसल्लागाराने छापून दिलं होतं म्हणे.

माझं बिल त्या पुस्तकातलं पहिलं. आठ कट्टे, २४० किलो, बारा हजार. सहाशे रुपये द्यावे लागले नाहीत. तुम्हीही गोंदियात तांदूळ घेत असाल तर आधी पिशवीवरचं वजन वाचा, मग ती कोणासमोर भरली ते विचारा, आणि पंचवीसच्या वर किंवा समोर तोललेला असेल तर दोन नंबरचं पान मागा. ते कोरंच आहे.